मदत हवी आहे: फेज डायग्राममध्ये पाण्याची रेषा डावीकडे आणि CO₂ ची उजवीकडे का झुकते?

बारावी_सायन्स: पाण्याचा आणि CO₂ चा डायग्राम शेजारी शेजारी दिलाय. CO₂ चा ट्रिपल पॉइंट −५६.६ डिग्री, ५.११ ॲटमॉस्फिअर. प्रश्न असा की −६० ला ८ ॲटमॉस्फिअरवर ठेवलेला CO₂ गरम करत गेलो तर काय होईल. मी "सब्लिमेशन" लिहिलं कारण ड्राय आइस वितळत नाही, सरांनी शून्य दिलं. आणि ती वितळण्याची रेषा दोघांत उलटी का?

वर्कशॉपवाला: आमच्याकडे आग विझवायचा CO₂ चा सिलिंडर आहे, मारला की नळीतून पांढरा बर्फ येतो. त्यात बर्फ भरतात का?

केमवाले_काका: नाही हो, आत लिक्विड असतं, २० डिग्रीला साधारण ५७ ॲटमॉस्फिअरखाली. बाहेर येताना दाब ५.११ च्या खाली जातो, तिथे लिक्विडला जागाच नाही, म्हणून थोडा बर्फ आणि बाकी गॅस.

बाळा, तुझं उत्तरही इथेच आहे. ८ वर पट्टी आडवी ठेव आणि डावीकडून उजवीकडे सरक. ट्रिपल पॉइंट खाली राहिला ना, म्हणजे आधी वितळण्याची रेषा लागेल −५६.५ च्या आसपास, मग लिक्विड, मग −४६ च्या आसपास उकळेल. हीच पट्टी १ वर ठेवली तर लिक्विडचा भाग लागतच नाही, −७८.५ ला थेट गॅस. तू १ चं उत्तर ८ ला लिहिलंस.

पिंपरीकर: आणि पाण्याचं सोप्पंय, बर्फावर दाब दिला की वितळतो, म्हणून तर स्केटिंग करता येतं.

केमवाले_काका: पहिलं बरोबर. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा घेतो, दाबलं की कमी जागेवाला जिंकतो, म्हणजे पाणी, म्हणून रेषा डावीकडे. घन CO₂ आपल्या लिक्विडपेक्षा दाट, म्हणून दाबल्यावर घनच राहायला बघतो, रेषा उजवीकडे. पण स्केटिंगचं गणित करून बघा. बर्फ १ डिग्री लवकर वितळवायला साधारण १३५ ॲटमॉस्फिअर लागतात. ७० किलोचा माणूस एका पायावर, पातं ३० सेंटीमीटर बाय ३ मिलिमीटर पूर्ण टेकलेलं धरलं तर होतात जेमतेम ८, म्हणजे ०.०६ डिग्रीचा फरक. −५ च्या बर्फावर काय उपयोग?

पिंपरीकर: पातं पूर्ण टेकत नाही, कडेवर असतो माणूस. दाब कितीतरी जास्त येईल.

केमवाले_काका: दहापट धरा, तरी अर्धा-पाऊण डिग्रीच. घर्षणाची उष्णता आणि बर्फाच्या पृष्ठभागावरचा पातळ ओलसर थर हीच कारणं जास्त पटतात, कुठल्याचा वाटा किती यावर अजून वाद आहे.

बारावी_सायन्स: ८ चं कळलं, धन्यवाद काका. पण मग पाण्यावर दाब वाढवतच नेला तर बर्फ कितीही थंड असला तरी वितळेल?

केमवाले_काका: −२२ पर्यंतच, दोन हजारच्या थोडं वर ॲटमॉस्फिअरला. तिथून पुढे बर्फाची रचनाच बदलते, तो नवा बर्फ पाण्यापेक्षा दाट असतो आणि रेषा CO₂ सारखी उजवीकडे वळते. तुमच्या पुस्तकात कागद तिथपर्यंत पोचत नाही, आणि डावीकडचा झुकाव पण दिसावा म्हणून फुगवून काढलेला असतो, त्यावरून आकडे मोजू नकोस.

वर्कशॉपवाला: म्हणजे ड्राय आइस बंद बाटलीत ठेवला तर लिक्विड होईल?

केमवाले_काका: ५ ॲटमॉस्फिअर ओलांडले की होईलही, पण दाब तिथे थांबत नाही, बाटली फुटते. करू नका.