मदत हवी आहे: फाट्यावर थांबलेल्या एसटीच्या मागे थांबावे की पुढे काढावे?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात शिक्षिका असून अलीकडेच चारचाकीचा परवाना मिळाल्यामुळे आता रोज चोपडा ते अमळनेर असा प्रवास स्वतः गाडी चालवत करते. रस्ता दुपदरी आहे, मध्ये दुभाजक नाही, आणि तापीचा पूल ओलांडल्यानंतर जे फाटे लागतात तिथे बसथांबा म्हणजे एखादा निवारा किंवा नुसते निंबाचे झाड. एसटी थांबते तेव्हा तिची डावी चाके साइडपट्टीवर आणि उरलेली बस डांबरावर असते. अशा वेळी नेमके काय करावे याबद्दल मला दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. गाडी शिकवणाऱ्यांनी सांगितले की हॉर्न द्यावा आणि थांबलेली बस चालू लागण्याआधी पुढे निघून जावे, कारण एकदा ती निघाली की पुढच्या फाट्यापर्यंत तिच्या धुरात चालावे लागते. माझे मामा मात्र म्हणतात की उतरणारे लोक बाजूला होईपर्यंत मागेच थांबावे. मी थांबते तेव्हा मागच्या गाड्या सतत हॉर्न वाजवतात आणि दुचाकीस्वार तर बसच्या डाव्या बाजूने, म्हणजे दार आणि निवारा यांच्यामधून, गाडी घालतात. माझ्या वर्गातली मुले त्याच दारातून चढतात आणि उतरतात, म्हणून हा प्रश्न मला सोडवत नाही. कायदा काय म्हणतो, आणि कायद्यापलीकडे प्रत्यक्षात सुरक्षित पद्धत कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

केळीवाला, रावेर

ताई, थांबलेल्या बसला ओलांडणे म्हणजे ओव्हरटेक नव्हेच. ओव्हरटेक चालत्या गाडीचा असतो. थांबलेली बस म्हणजे रस्त्यातला अडथळा, त्याला वळसा घालून जायला कोणाची हरकत नाही. तुमच्या शिक्षकांचे बरोबर आहे, फक्त हॉर्न जरा लांबून द्या म्हणजे उतरणाऱ्याला कळते.

जुना चालक, धुळे

मी अनेक वर्षे एसटी चालवली आणि आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. केळीवाले भाऊंचे म्हणणे शब्दापुरते खरे धरले तरी डांबरावर काय घडते ते पाहू. आपल्याकडचा दुपदरी रस्ता साधारण सात मीटर रुंद असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेतीन मीटर. बस अडीच मीटर रुंद असते; तिची डावी चाके साइडपट्टीवर असली तरी दोन मीटर डांबर ती अडवतेच. तिच्यापासून दीड मीटर अंतर ठेवून तुम्ही गाडी काढायला गेलात तर तुमचे डावे चाक बरोबर मधल्या रेषेवर येते आणि बाकीची सगळी गाडी समोरून येणाऱ्याच्या बाजूला जाते. म्हणून समोरचा रस्ता बसच्याही पुढे लांबपर्यंत मोकळा दिसत नसेल, तर बस उभी आहे म्हणून तो ओव्हरटेक सोपा होत नाही. अंतर कमी करून समोरची गाडी चुकवावी म्हटले, तर मग बसच्या पुढून येणारा माणूस तुम्हाला दिसेपर्यंत तुमच्या बंपरपाशी पोचलेला असतो.

खरा धोका या माणसाचा आहे. दारातून उतरलेला प्रवासी डाव्या बाजूला असतो आणि त्याचे गाव किंवा शेत उजव्या बाजूला असेल तर तो बस निघण्याची वाट पाहत नाही. बसच्या तोंडापुढून वळसा घालून सरळ रस्ता ओलांडतो. बसचा चालक वरून त्याला पाहतो आणि हाताने जा म्हणून खुणावतो. त्या खुणेचा प्रवासी असा अर्थ घेतो की पूर्ण रस्ताच मोकळा आहे, पण चालकाने फक्त स्वतःच्या बसपुरते सांगितलेले असते. ही गोष्ट मला नोकरीत फार उशिरा उमगली असे नव्हे, ती आम्हा सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून शहाणा चालक आधी उजव्या आरशात बघतो आणि मगच हात हलवतो.

आता वेगाचे पाहा. ताशी चाळीसच्या वेगात माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी अकरा मीटर पुढे सरकलेली असते, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी दहा मीटर लागतात. एकूण एकवीस मीटर झाले, म्हणजे जवळजवळ दोन बसची लांबी. ताशी वीसला हेच अंतर आठ मीटरच्या आसपास येते, म्हणजे बसच्या लांबीपेक्षाही कमी. म्हणून उत्तर असे की बस नुकतीच थांबली असेल आणि लोक उतरत असतील, तर मागेच थांबावे. उतरणे आटोपले आणि समोरचा रस्ता मोकळा असेल, तर वीसच्या आत, शक्य तितके अंतर ठेवून आणि पाय ब्रेकवर ठेवून निघावे. हॉर्न एकदा जरूर द्यावा, पण आपण हॉर्न दिला म्हणून समोरचा थांबेल असे धरून चालू नये. डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई हॉर्न ऐकते, पण तो कुठून आला हे मान वळवून पाहू शकत नाही.

शिक्षिका, चोपडा

अण्णा, मनापासून आभार. एक विचारते. बसच्या पुढे कोणी आहे की नाही हे मागून आधीच कळण्याचा काही मार्ग आहे का?

जुना चालक, धुळे

आहे. बसच्या खालून पाहा. पंधरावीस मीटर मागे थांबलात तर बसच्या पोटाखालून पुढच्या चाकापलीकडची जमीन दिसते आणि तिथे चपला, पाय किंवा साडीचा काठ हलताना दिसतो. बसला अगदी चिकटून थांबलात तर हे काहीच दिसत नाही आणि समोरचा रस्ताही दिसत नाही, म्हणून चिकटून थांबू नका. रात्री समोरून गाडी येत असेल तर तिच्या उजेडात त्याच पायांच्या सावल्या डांबरावर लांब पडतात. दुसरे म्हणजे उतरलेल्यांवर लक्ष ठेवा: चार उतरले आणि निवाऱ्याकडे तीनच गेलेले दिसले, तर चौथा बसच्या पुढे आहे असेच समजा.

आणखी एक, उजव्या इंडिकेटरबद्दल. महामार्गावर ट्रकवाले उजवा इंडिकेटर देऊन मागच्याला पुढे जा असे सांगतात, आणि नव्या चालकांच्या मनात तोच अर्थ बसतो. थांबलेल्या एसटीचा उजवा इंडिकेटर लागला तर त्याचा अर्थ ती निघते आहे एवढाच आहे. वाहकाने दोनदा घंटी दिली, पुढचे चाक उजवीकडे वळू लागले, की तुम्ही तिच्या शेजारी असू नये.

भडगावकर

आमच्या गावाच्या फाट्यावर तर बस थांबतच नाही, हात दाखवला तरी निघून जाते. विद्यार्थ्यांना दुसऱ्या फाट्यापर्यंत चालत जावे लागते. याबद्दल तक्रार कुठे करावी हे कोणी सांगेल का? आधी बस थांबवा, मग तिला कसे ओलांडायचे ते पाहता येईल.

जुना चालक, धुळे

भाऊ, आगारप्रमुखांकडे ग्रामपंचायतीच्या पत्रासह लेखी अर्ज द्या, त्यात बसची वेळ, फेरी आणि तारीख लिहा. त्यावर वेगळा धागा काढलात तर मी तिथे नक्की लिहीन.

शहादेकर

परदेशात थांबलेल्या बसला ओलांडायलाच बंदी आहे, सगळी वाहतूक दोन्ही बाजूंनी थांबते. आपल्याकडेही तोच कायदा करायला हवा.

म्युनिकहून जळगावकर

दादा, तुम्ही म्हणता ती दोन्ही बाजूंनी थांबण्याची पद्धत अमेरिकेत आहे आणि ती लाल दिवे लुकलुकवणाऱ्या शाळेच्या बससाठी, सगळ्या बससाठी नव्हे. मी जर्मनीत गाडी चालवतो. इथे बस थांब्याकडे येताना तिचे चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकत असतील तर तिला ओव्हरटेक करता येत नाही. ती थांबल्यावर मात्र पुढे जाता येते, पण माणूस चालतो त्या वेगाने, आणि हा नियम त्याच रस्त्यावर समोरून येणाऱ्यालाही लागू असतो. समोरून येणाऱ्यावर बंधन का, हे मला इथे आल्यावर पटले: बसपुढून ओलांडणारा माणूस आधी मागून येणाऱ्याला चुकवतो आणि मग समोरून येणाऱ्याच्या पुढ्यात जातो. तेव्हा ताईंनी समोरच्या बाजूने येतानाही, थांबलेली एसटी दिसताच वेग उतरवावा असे मी सुचवेन.

वकील, जळगाव

कायद्याचा प्रश्न राहिला होता म्हणून थोडक्यात लिहितो. ओव्हरटेक उजवीकडूनच करायचा, हा 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांतला मूळ नियम आहे. पुढची गाडी उजवीकडे वळत असेल तर अपवाद होतो. थांब्यावरची बस उजवीकडे वळत नसते, त्यामुळे दार आणि निवारा यांच्यामधून दुचाकी घालणाऱ्याला त्या अपवादाचा आधार घेता येणार नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्याची जी उदाहरणे घातली आहेत, त्यांत कायद्याविरुद्ध रीतीने दुसऱ्या वाहनाला ओलांडणे हेही आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बस थांबलेली असल्यामुळे तो ओव्हरटेक ठरत नाही हा केळीवाल्या भाऊंचा युक्तिवाद कोणी न्यायालयात करू शकेल, पण प्रवाशाला धक्का लागला तर निष्काळजीपणाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

केळीवाला, रावेर

वकीलसाहेब, डाव्या बाजूचे मला मान्य आहे, तिथून कोणीच जाऊ नये. पण माझी अडचण वेगळी आहे. माझी पिकअप केळीने भरलेली असते, ब्रेक लागायला वेळ लागतो, आणि बस अचानक थांबली तर मागे थांबण्यापेक्षा बाजूने काढणे मला सुरक्षित वाटते. मागून येणारा ट्रक थांबेल याची खात्री कोणी द्यावी?

जुना चालक, धुळे

तुमची भीती खरी आहे. भरलेल्या गाडीने बसच्या मागे राहायचे तर अंतर दुप्पट धरावे लागते, आणि फाटा दिसताच, बसचा डावा इंडिकेटर लागण्याची वाट न पाहता, वेग उतरवावा लागतो. ब्रेकवर पाय हलकेच दोनतीनदा टेकवला की मागच्या ट्रकला तुमचे लाल दिवे दिसतात. एवढे करूनही मागचा झोपेत असेल तर काय करावे, याचे सगळ्यांना लागू पडेल असे उत्तर मला देता येत नाही.

शिक्षिका, चोपडा

सर्वांचे आभार. मागे थोडे अंतर राखून थांबण्याची आणि बसच्या खालून पाहण्याची पद्धत मी उद्यापासून अवलंबते, आणि मुलांनाही शाळेत सांगते की बस निघून गेल्यावर, दोन्हीकडचा रस्ता दिसू लागल्यावरच ओलांडायचे. एक शंका अजून उरते. एका फाट्यावर मधली पांढरी रेषा अखंड आहे, कारण पुढे लगेच वळण आहे, आणि बस तिथेच थांबते. अण्णांच्या हिशोबाने तिला ओलांडायचे तर पूर्ण गाडी रेषेपलीकडे न्यावी लागते. तिथे बस निघेपर्यंत थांबणे एवढाच मार्ग आहे का?

जुना चालक, धुळे

वळणावर समोरचे दिसतच नाही, त्यामुळे रेषा नसती तरी मी थांबलोच असतो. थांबा वळणापासून सरळ रस्त्यावर हलवावा यासाठी ग्रामपंचायत आणि आगार या दोघांना एकत्र पत्र द्या. पत्रासोबत मुले चढतानाचा फोटो जोडा, पण तो असा काढा की बसही दिसेल आणि वळणही दिसेल.

केळीवाला, रावेर

ताई, तो फाटा कोणता ते कळवा. माझी गाडी आठवड्यातून तिथून जाते, मीही सही करतो.