मदत हवी आहे: सीएच्या बॅलन्सशीटमध्ये नफा 70 हजारांनी कमी कसा?

हळदीवाला_सांगली: कुपवाडला छोटं हळद पावडरचं युनिट आहे, फर्म माझ्या एकट्याच्या नावावर. एप्रिलमध्ये 10 लाखांचं ग्राइंडिंग मशिन घेतलं, दहा वर्षं चालेल आणि शेवटी 2 लाख तरी येतील असं धरून मी एक्सेलला वर्षाला 80 हजार घसारा टाकला. घसाऱ्याआधीचा नफा 3 लाख, म्हणजे माझ्या हिशोबानं 2 लाख 20 हजार राहिले, पण सीएनं दीड लाखच दाखवलाय, विचारलं तर म्हणाले डब्ल्यूडीव्ही लावलंय. मग हे 70 हजार गेले कुठं?

मिरजेचा_बाब्या: टॅक्स वाचवला की राव, गप बसा 😄 70 हजारांवरचा टॅक्स कायमचा सुटला.

जुना_अकाउंटंट: कायमचा न्हाई वो, नुसता पुढं ढकललाय. आयकरात मशिनरीला 15 टक्के, पण दरवर्षी उरलेल्या किमतीवर, तेच डब्ल्यूडीव्ही. पहिल्या वर्षी 1,50,000, दुसऱ्या वर्षी 1,27,500, असं उतरत पाचव्या वर्षी 78,301, म्हणजे तुमच्या 80 हजारांच्या खाली. तिथनं पुढं सीएचा नफा तुमच्यापेक्षा जास्त दिसणार, दहाव्या वर्षी तर घसारा फक्त 34,743. दहा वर्षांनी पुस्तकात मशिन 1,96,874 ला उरतंय, तुमच्याकडं 2 लाख, म्हणजे बेरीज जवळपास तीच. पैसे कुठंच गेले न्हाईत.

विट्याची_पिकअप: मी गाडीला 30 टक्के लावतो, तुम्हीपण लावा की.

जुना_अकाउंटंट: तुमची गाडी भाड्यानं फिरते म्हणून 30. मशिनला चालत न्हाई.

हळदीवाला_सांगली: आणि मधेच विकलं तर? तीन वर्षांनी मोठं घ्यायचा विचार आहे, 6.5 लाख येतील म्हणतायत.

जुना_अकाउंटंट: तिथंच खरी गंमत. तुमच्या पद्धतीत तेव्हा बुक व्हॅल्यू 7,60,000, म्हणजे विकताना 1,10,000 तोटा एकदम अंगावर. डब्ल्यूडीव्हीत 6,14,125, तर 35,875 नफा. पण तीन वर्षांचा घसारा आणि हा तोटा-नफा एकत्र मांडून बघा, दोन्हीकडं खर्च 3,50,000 च येतो. मशिननं तेवढंच खाल्लंय, कुठल्या वर्षात दाखवायचं एवढाच फरक. फक्त आयकरात एकेका मशिनचा असा हिशोब होत न्हाई, एकाच दराच्या मशिनांचा मिळून एक ब्लॉक धरतात, त्यात बाकी मशिनं असतील तर विक्रीची रक्कम ब्लॉकमधनं वजा होते.

मिरजेचा_बाब्या: बरं, पण बँकेत लोनला जाताना 2.20 वालाच कागद न्यायचा ना?

कर्जाची_फाईल: मी या फायली बघते. आम्ही हप्ता झेपतो का बघताना घसारा नफ्यात परत मिळवतो, दोन्ही कागदांवर 3 लाखच येतात. उलट रिटर्नमध्ये दीड आणि बॅलन्सशीटवर 2.20 असेल तर फरकाचा तक्ता मागतोच.

हळदीवाला_सांगली: म्हणजे पुस्तकात माझं 80 हजार ठेवलं तर चालतंय?

जुना_अकाउंटंट: चालतंय, रिटर्नला वेगळा तक्ता करावा लागंल. मला विचाराल तर डब्ल्यूडीव्हीच बरं, ग्राइंडरला पहिली वर्षं दुरुस्ती कमी, नंतर बेअरिंग, मोटर सुरू होतं, तेव्हा घसारा उतरलेला असला तर नफा सारखा राहतो.

हळदीवाला_सांगली: आमच्याकडं पहिल्याच वर्षी दोनदा बेअरिंग गेलंय 😑 सोमवारी सीएकडं जाऊन बघतो.