टिपेचा नियम केला तर बिघडलं कुठे?

गेजवाला
आमच्या मशीन शॉपसाठी आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकाच्या कलमांवरून मराठी मजकूर तयार करतोय, ट्रेनिंगला आणि अंतर्गत ऑडिटच्या चेकलिस्टला. कलमांखाली ज्या टिपा असतात त्या मी वेगळ्या ठेवल्या होत्या. प्लांट हेड म्हणतात, त्या मजकुरातच घ्या आणि सगळीकडे 'करावे' लिहा. जरा कडक झालं तर बिघडलं कुठे? तुम्हाला काय वाटतं?

सातपूरकर
प्लांट हेडचं बरोबर आहे. 'अर्ज ३१ तारखेपर्यंत सादर करावा' असं परिपत्रकात वाचून कुणी ती सूचना समजत नाही, मुकाट्याने अर्ज देतो. मराठीत 'करावे' हाच हुकूम. आणि कलम ४ ते १० मध्ये 'शुड' जवळपास नाहीच, सगळा बंधनकारक 'शॅल'चा कारभार. मग गोंधळ व्हायचा कुठे? टीप पाळली तर फायदाच होईल, तोटा नाही.

हेमांगी_भाषांतर
'शुड'बद्दल तुमचं खरं आहे. पण इथे भांडण 'शॅल' आणि 'शुड'चं नाहीच, 'शॅल' आणि 'कॅन'चं आहे, कारण टिपा बहुतेक 'कॅन'वर चालतात.

७.१.४ घ्या. नियम एवढाच: प्रक्रिया चालवायला आणि माल नियमात बसायला जे वातावरण लागतं ते संस्थेने ठरवलं पाहिजे, पुरवलं पाहिजे आणि टिकवलं पाहिजे. त्याखाली टीप आहे. योग्य वातावरण हे मानवी आणि भौतिक घटक मिळून बनलेलं असू शकतं, आणि मग उदाहरणं येतात: भेदभाव नसणं, ताण कमी करणं, तापमान, आर्द्रता, उजेड, आवाज. आता हीच टीप 'करावे'त बसवा: 'कामाच्या जागी ताण कमी करणारे वातावरण ठेवावे.' झाला नवा नियम. मूळ कलमात तो कुठेच नाही.

म्हणून मी 'करावे' हे रूप पूर्ण बंद केलंय. सातपूरकर म्हणतात तसा परिपत्रकात तो हुकूम असतो, पण 'सकाळी कोमट पाणी प्यावे' हा हुकूम नाही. एकच रूप दोन्हीकडे चालतं, हीच त्याची अडचण. 'शॅल'ला 'केले पाहिजे', 'शुड'ला 'करणे इष्ट', परवानगीच्या 'मे'ला 'मुभा आहे', शक्यतेच्या 'कॅन'ला 'असू शकते' किंवा 'करता येते'. 'करू शकते' मात्र टाळते, त्यात मुभा आणि शक्यता दोन्ही घुसतात.

सातपूरकर
'केले पाहिजे, केले पाहिजे' असं पानभर वाचून ऑपरेटर वैतागेल, ताई. आणि ताण कमी झाला तर वाईट काय?

जुना_ऑडिटर
वाईट काय ते सांगतो. ९.२.१ वाचा. अंतर्गत ऑडिटमध्ये या दोन गोष्टीही तपासायच्या असतात: व्यवस्था मानकाच्या आवश्यकतांना धरून आहे का, आणि संस्थेच्या स्वतःच्या आवश्यकतांना धरून आहे का. तुम्ही चेकलिस्टमध्ये किंवा मॅन्युअलमध्ये 'ताण कमी करणारे वातावरण ठेवावे' लिहून सही केलीत की ती तुमची स्वतःची आवश्यकता झाली. मी आलो आणि पुरावा मागितला, तर 'अहो, ती मूळात टीप होती' हे उत्तर चालणार नाही. तुम्हीच लिहिलंय. मी एनसी, म्हणजे आवश्यकता पाळली नसल्याची नोंद, काढली तर ती बरोबरच असेल.

एका कारखान्यात असंच पाहिलं. चेकलिस्टमध्ये 'हवेतील आर्द्रता नोंदवावी' अशी ओळ होती. जिथे ती होती त्या विभागात आर्द्रतेचा मालावर कसलाच परिणाम नव्हता. हायग्रोमीटर घेतलेला, त्याचं कॅलिब्रेशन नाही, नोंदी मार्चपासून कोऱ्या. अंतर्गत ऑडिटरने त्यावर एनसी काढली, मग कारण शोधा, सुधारणा करा, पुरावा लावा. सगळा खटाटोप कुणीतरी टीप मजकुरात मिसळली म्हणून.

उलटही आहे. आर्द्रतेने खरंच माल बिघडत असेल, समजा गंज चढत असेल, तर ती मोजणं ७.१.४ च्या मुख्य वाक्याखालीच येतं. मग 'ती फक्त टीप होती' म्हणून सुटका नाही.

राहुल_टूलरूम
एक कळलं नाही. नोट पाळायची नसते असं कसं म्हणता? आमच्या ड्रॉईंगवर 'सर्व कडांचे बर काढा' ही नोटच असते. नाही काढले तर माल रिजेक्ट.

हेमांगी_भाषांतर
राहुल, तुमच्या ड्रॉईंगवरची नोट बंधनकारकच असते, त्यात वाद नाही. मानकातली टीप वेगळी. आयएसओच्या लेखननियमांत मजकुरातल्या टिपेत आवश्यकता घालायलाच मनाई आहे. त्यातही मेख आहे: तक्त्याची टीप वेगळी आणि तक्त्याची तळटीप वेगळी. तळटिपेत आवश्यकता असायला परवानगी आहे. दोन्हींना सरसकट 'टीप' लिहिलंत तर बंधनकारक ओळ हातची जाईल. ९००१ मध्ये तसे तक्ते नाहीत, पण पुढे एखादं उत्पादनाचं किंवा चाचणीचं मानक घ्याल तेव्हा आठवा.

जुना_ऑडिटर
राहुलचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शॉप फ्लोअरवरच्या माणसाने आयुष्यभर 'नोट म्हणजे पाळायची' हेच शिकलेलं असतं. तेव्हा गेजवाला, टिपा वेगळ्या ठेवून भागणार नाही, वर 'माहितीसाठी टीप' असं छापा. शिवाय बारीक अक्षरात, चौकटीत.

हेमांगी_भाषांतर
इथे मी सहमत नाही. मूळात नुसतं 'टीप' आहे. तुम्ही 'माहितीसाठी' जोडलंत की तो तुमचा शब्द झाला. खुलासा सुरुवातीला एकदाच करा, मानकही प्रस्तावनेत तेच करतं.

जुना_ऑडिटर
प्रस्तावना कोण वाचतो? भिंतीवर तर ती नसतेच.

सातपूरकर
बरं, तो स्वतःच्या आवश्यकतेचा मुद्दा पटला. पण 'पाहिजे'बद्दल मी ठाम आहे. ट्रेनिंगच्या पोस्टरवर 'करा' लिहा, चेकलिस्टमध्ये 'केले पाहिजे'.

गेजवाला
पोस्टरवर 'करा' चालेल, टीप मात्र त्यावर घेणारच नाही. मानकाच्या २०२४ च्या दुरुस्तीवर हात आजमावून पाहिला:

४.१: संस्थेने हवामान बदलाचे परिणाम निश्चित केले पाहिजेत.
४.२ टीप: संबंधित पक्षांच्या हवामान बदलाविषयी आवश्यकता असू शकतात.

हेमांगी_भाषांतर
टीप छान. ४.१ मध्ये क्रियापद बरोबर, पण कर्म बदललं. मूळ म्हणतं, हवामान बदल हा संबंधित मुद्दा *आहे का* ते निश्चित केलं पाहिजे. विचार करून 'आमच्या कामाला तो लागू नाही' असं ठरवलं तरी कलम पाळलं जातं. तुमच्या वाक्यात परिणाम आहेतच असं गृहीत धरलंय, आता प्रत्येकाला ते शोधून मांडावे लागतील. असं करा: 'हवामान बदल हा संबंधित मुद्दा आहे की नाही, हे संस्थेने निश्चित केले पाहिजे.'

जुना_ऑडिटर
'लागू नाही' ठरवलंत तर ते कशावरून ठरवलं हे मी विचारणार. मॅनेजमेंट रिव्ह्यूच्या इतिवृत्तात दोन ओळी असू द्या. आणि 'माहितीसाठी' हा शब्द मी काढणार नाही, ताई.