‘ह्यू’ला रंगछटा म्हणावं का?

मधली_ओळ
व्हिडिओतल्या एका रंगाच्या वस्तूचा माग ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीने कसा काढायचा, यावरचा एक धडा मराठीत आणते आहे. उदाहरण लाल चेंडूचं. त्यात प्रत्येक ठिपक्याचा रंग एचएसव्ही या तीन आकड्यांत मांडतात. ह्यूला रंगछटा, सॅच्युरेशनला संपृक्तता आणि व्हॅल्यूला मूल्य असे सरळ शब्द घेतले. मसुदा वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याने कळवलं की चेंडूची सावलीतली बाजू मास्कमध्ये, म्हणजे निवडलेले ठिपके पांढरे आणि बाकी सगळं काळं दाखवणाऱ्या चित्रात, येत नव्हती, म्हणून ‘गडद छटा’ पकडायला त्याने छटेचा पट्टा ० ते १० होता तो ० ते ४० केला. सावली आली नाहीच, उलट लाकडी टेबल आणि चेंडू धरणारा हात मास्कमध्ये आले. त्याचं म्हणणं, शब्दानेच त्याला तिकडे नेलं. मला हे पटत नाही. छटा म्हणजे छटाच ना?

कोनमापक
विद्यार्थ्याची बाजू घेतो. ‘लाल रंगाच्या छटा’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फिकट लाल, गडद लाल. आणि ह्यू नेमका तिथेच बदलत नाही.

आकडेच बघा. उजेडातला एक ठिपका घेऊ: लाल २००, हिरवा ४०, निळा ३०. ओपनसीव्ही त्याचा एच २, एस २१७, व्ही २०० काढतं. आता उजेड निम्मा करा: १००, २०, १५. एच पुन्हा २, एस पुन्हा २१७, फक्त व्ही १०० झाला. म्हणजे सावली पकडायची तर हात व्हीच्या खालच्या मर्यादेला लावायचा, एचला नाही. तुमच्या धड्यात ती मर्यादा किती आहे?

मधली_ओळ
मूळ धड्यात १५० आहे.

कोनमापक
मग झालंच. १०० चा ठिपका तिथेच गळला. त्याने एच कितीही ताणला असता तरी तो आत आला नसता. ताणून मिळालं काय, तर नारिंगी-तपकिरी शेजारी.

चिकित्सक_१
मूळ आकडाच चूक आहे, त्यावर कोणी बोलत नाही. रंग वर्तुळावर असतात, ० ते ३६०. लाल ० पाशी आणि ३६० पाशीही. म्हणून पट्टा ० ते २० आणि ३४० ते ३६० असा दोन तुकड्यांत हवा. फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये रंग टिपून बघा, असेच आकडे दिसतील.

कोनमापक
दोन तुकडे हवेत हे शंभर टक्के खरं. आकडे मात्र ओपनसीव्हीचे नाहीत. आठ बिटांत २५५ च्या वर जाता येत नाही, म्हणून तिथे कोन निम्मा करून ठेवतात आणि एच ० ते १७९ असतो. तुमचा ३४० तिथे १७० होतो. टिपलेले आकडे तसेच टाकले तर दुसरा पट्टा कायम रिकामा राहील, आणि प्रोग्रॅम तक्रारही करणार नाही.

वरच्याच ठिपक्यात हिरव्या-निळ्याची अदलाबदल करा: २००, ३०, ४०. डोळ्याला फरक जेमतेम कळेल, पण एच २ वरून थेट १७८. एका चेंडूवर दोन्ही प्रकारचे ठिपके असतात, म्हणून एकच पट्टा लावला की चेंडू भोकाभोकांचा दिसतो. काही जण खाली १७० आणि वर १० लिहून बघतात. पट्ट्यात बसणारे ठिपके निवडणारं `inRange` त्यावर सगळा काळा मास्क देतं. सरळ दोन मास्क करून जोडावेत:

```python
hsv = cv2.cvtColor(frame, cv2.COLOR_BGR2HSV)
m1 = cv2.inRange(hsv, (0, 120, 60), (10, 255, 255))
m2 = cv2.inRange(hsv, (170, 120, 60), (179, 255, 255))
mask = cv2.bitwise_or(m1, m2)
```

एसची खालची मर्यादा विसरू नका. करड्या ठिपक्याला ह्यूच नसतो, पण रकान्यात काहीतरी भरायला लागतं म्हणून ओपनसीव्ही ० भरतं. ० म्हणजे लाल! एस मोकळा सोडला, तर करडी भिंतसुद्धा ‘लाल’ ठरू शकते.

कुंचला
चित्रकलेत आम्ही ‘व्हॅल्यू’च म्हणतो आणि त्याचा अर्थ उजळ-गडदपणा. मन्सेलच्या रंगपद्धतीतही ह्यू, व्हॅल्यू, क्रोमा असेच तीन घटक आहेत. तेव्हा ‘मूल्य’ काढून ‘उजळपणा’ करा, वाद मिटला.

कोनमापक
मिटत नाही. तुमच्या व्हॅल्यूत पांढरा सगळ्यात वर आणि भडक लाल त्याच्या बराच खाली. एचएसव्हीत व्ही म्हणजे लाल, हिरवा, निळा यांतला सगळ्यात मोठा आकडा, बस. शुद्ध लालचा व्ही २५५ आणि पांढऱ्याचाही २५५. १९७८ साली आल्व्ही रे स्मिथने ही मांडणी संगणकासाठी केली, डोळ्याला दिसणारा उजळपणा मोजण्यासाठी नव्हे. अर्थात ‘मूल्य’ त्याहून वाईट. प्रत्येक आकडा मूल्यच असतो. ‘छटेचं मूल्य’ आणि ‘मूल्याचं मूल्य’ असली वाक्यं लिहावी लागतील.

कुंचला
म्हणजे उजळपणा नाही आणि मूल्यही नाही. मग तुम्हीच सांगा.

शब्दवेल्हाळ
गंमत अशी की संस्कृतात ‘छटा’ म्हणजे तेज, किरणांचा पुंज. मुळाकडे गेलं तर छटा हा शब्द व्हीलाच शोभतो! ह्यूला ‘वर्ण’ म्हणा, स्वच्छ शब्द आहे. थ्रेशोल्डला ‘उंबरठा’ छानच. तो शब्द उंबराच्या लाकडावरून आला म्हणतात.

चिकित्सक_१
पुरावा? आणि ‘वर्ण’ म्हटलं की अर्ध्या वाचकांना अक्षरं आठवतील, उरलेल्यांना जात. ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू तसेच ठेवा. कोडमध्ये एच, एस, व्ही टाइप करायचे आहेत. वर्ण, संपृक्तता आणि मूल्य लिहून कोणाला काय जुळणार?

शब्दवेल्हाळ
संपृक्तता रसायनशास्त्रात पोरं शाळेपासून वाचतात, तिला कोणी हाकललं नाही.

नवा_खेळाडू
मला शब्दाचं विशेष नाही. माझा चेंडू पिवळा आहे, २० ते ३५ चा पट्टा. सुरुवातीला झकास चालतं, पण कॅमेऱ्यासमोर मोठा निळा कागद धरला की चेंडू गायब. लालसारखे दोन तुकडे करू का?

कोनमापक
नको, पिवळा टोकाला नाहीच. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स बघा. चौकटीत निळं वाढलं की तो सगळं चित्र पिवळ्याकडे ढकलतो आणि चेंडूचा एच सरकतो. चेंडूच्या मधल्या ठिपक्याचा एचएसव्ही दर चौकटीला छापा आणि कागद आत-बाहेर करा. आकडा हलला तर दोष पट्ट्याचा नाही. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दोन्ही हाताने पक्के करा. काही वेबकॅम ते करू देत नाहीत, मग पट्टा रुंद करणं आलं आणि त्याबरोबर कचराही.

मधली_ओळ
ह्यूचं राहिलंच. ‘रंगकोन’ कसा वाटतो? लाल दोन्ही टोकांना का, तेही त्यातच कळतं.

चिकित्सक_१
वरच सांगितलंय की १७८ हा कोन नाही, कोनाचा निम्मा आहे. तुमचा तोच विद्यार्थी उद्या ३५६ टाकेल.

कोनमापक
टाकू दे, दुसरा मास्क काळा आला की लगेच कळेल. ‘छटे’ने चूक केली तर मास्क भरलेला दिसतो, त्यात टेबल आहे हे उशिरा कळतं.

शब्दवेल्हाळ
‘कोन’ समास करून घुसडायचाच असेल तर ‘वर्णकोन’ करा.

नवा_खेळाडू
व्हाइट बॅलन्स पक्का केला, आकडा आता हलत नाही. पण चेंडूच्या चकाकणाऱ्या भागाला मास्कमध्ये भोक पडतं आणि `moments` वरून काढलेला मध्य भोकाच्या उलट बाजूला ओढला जातो. तिथे एस कमी करू?

कोनमापक
करू नका, पिवळट पांढरं सगळं आत येईल. मास्कमधला सगळ्यात मोठा कंटूर, म्हणजे बाहेरची कडा, घ्या आणि त्याला `minEnclosingCircle` लावा, आतलं भोक मोजलंच जात नाही. चकाकी अगदी कडेला असेल तर मात्र कंटूरच चावा घेतल्यासारखा येतो.