कोंबुचा: लिटरला साखर निम्मी केली, चहाही निम्मा केला, आणि सगळंच पाणचट झालं

सकाळची बरणी: साखर कमी खायची ठरवलीय, म्हणून कोंबुचात लिटरला ७० ग्रॅमऐवजी ३५ ग्रॅम साखर घातली. प्रमाण बिघडू नये म्हणून चहा पत्तीही ६ ची ३ ग्रॅम केली. विरजण नेहमीचंच, लिटरला १०० मिली. दहा दिवस झाले तरी आंबटपणा नावाला आणि वरचा नवा थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा. साखर निम्मी करणंच चुकलं का?

निवांत: काही चुकलेलं नाही, अजून आठवडाभर हात लावू नका. आंबटपणा दिवसांवर असतो, साखरेवर नाही. मी वर्षभर ४० ग्रॅमवर करतोय, झकास होतं.

तळाचा गाळ: निवांत, दिवसांचं खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. माझ्या मते इथे साखरेपेक्षा चहा जास्त नडलाय. तुमचं पेय आंबट व्हायला लागणारं आम्ल ३५ ग्रॅम साखरेतूनही हिशेबाने निघतं. पण यीस्ट आणि जिवाणूंना वाढायला नायट्रोजन लागतो, तो साखरेत नसतो, पत्तीतून येतो. तुम्ही साखर आणि चहा एकमेकांना बांधले. बांधायचं असतं दोघांना पाण्याशी. साखर थोडी उतरवली तरी लिटरला पत्ती ५-६ ग्रॅम राहू द्या.

गोडघाशी: त्यापेक्षा साखर काढूनच टाका की! स्टीव्हिया घाला, गोडीही येईल आणि कॅलरीही नाहीत.

तळाचा गाळ: ही साखर पिणाऱ्यासाठी नाही, बरणीतल्या कामगारांसाठी आहे. यीस्ट तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि त्यातून अल्कोहोल बनवतं. जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, आणि वरचा थर मुख्यतः ग्लुकोजमधून विणतात. पापुद्रा पातळ आला, त्यात मात्र साखरेचाही हात असणार. स्टीव्हियावर यातलं काहीच होत नाही. घालायचीच तर पिताना ग्लासात घाला.

फडकं बांधलेली: माझंही ऐका. एका लिटरवरून तीन लिटरवर गेले, साखर २१०, पत्ती १८, सगळं तिप्पट. विरजण मात्र तेच १०० मिली. सहाव्या दिवशी वर हिरवट, कोरडी, केसाळ टिकली! सगळं ओतून दिलं, थरसुद्धा. मग साखर कमी असती तर बुरशी आली नसती का?

तळाचा गाळ: नाही. बुरशीला पहिल्या दिवसाचा आंबटपणा अडवतो, आणि तो विरजणातून येतो. सुरुवातीलाच पीएच ४.५ च्या खाली गेला पाहिजे. तीन लिटरला ३०० मिली हवं होतं. सगळं टाकलंत ते बरोबरच, नुसती टिकली काढून भागत नाही. बाकीच्यांसाठी: खाली लोंबणारे तपकिरी धागे यीस्टचे असतात, त्यांना घाबरू नका. बुरशी वरच आणि कोरडी असते.

निवांत: मग माझं ४० ग्रॅममध्ये कसं होतं? की माझी जीभ खोटी?

तळाचा गाळ: विरजण किती घालता?

निवांत: चार लिटरच्या बरणीत लिटरभर ठेवतोच मागचं.

तळाचा गाळ: म्हणजे पाव बरणी! मग तुमच्या आंबटपणाचा बराचसा भाग मागच्या खेपेचा आहे. तुमची पद्धत चुकीची नाही, पण प्रश्नकर्तीने ती १०० मिलीवर केली तर तुमची चव येणार नाही.

निवांत: हे मान्य. पण चहाचं मला अजून पटत नाही. माझा चहा कायम फिकाच असतो.

तळाचा गाळ: पाव बरणी विरजणात जिवंत यीस्टही भरपूर जातं, म्हणून निभावतं असा माझा अंदाज. ताडून बघायचं तर दोन सारख्या बरण्या घ्या. एकीत ३५ ग्रॅम साखर, ६ ग्रॅम पत्ती, दुसरीत ७० साखर, ३ पत्ती. दोन्हीत १०० मिली विरजण घालून लिटर भरा, शेजारी शेजारी ठेवा आणि सातव्या दिवशी चाखा.

सकाळची बरणी: करते. पण मला ग्लासातली साखर कमी हवी होती, ते राहिलंच की.

तळाचा गाळ: ५० ग्रॅमपासून सुरू करा, पत्ती ६, विरजण १००. मग जरा जास्त दिवस ठेवा, दहाव्या दिवसापासून रोज चाखा. साखर पूर्ण जाणार नाही. यीस्ट आधी ग्लुकोज संपवतं, फ्रुक्टोज मागे रेंगाळतं आणि ते जास्त गोड लागतं. त्यामुळे जिभेवरून ग्रॅम काढू नका.

फडकं बांधलेली: आणि ५० ग्रॅम म्हणजे लिटरभर पाण्याला, की तयार लिटरला?

तळाचा गाळ: तयार लिटरला. ९०० मिली गोड चहा आणि १०० मिली विरजण. काही जण लिटरभर पाण्यात साखर घालून वर विरजण ओततात आणि म्हणतात पाककृती पाळली.