प्रति: कैफियतीच्या शेवटी प्रतिदावा

परीक्षेत प्रतिवादीची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, लिहिताना प्रतिदावा, म्हणजे वादीवर उलट मागणी, कशी घालावी यावर इथे कोणी म्हटले आहे: ‘शेवटी विनंतीत प्रतिदाव्याची एक ओळ घातली की पुरे.’ नाही पुरत, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ६-अ प्रमाणे प्रतिदाव्याला वादपत्राचेच, म्हणजे वादीच्या मूळ लेखी दाव्याचेच, नियम लागतात. समजा, ठेकेदाराने बांधकामाच्या बाकी २ लाखांसाठी दावा लावला आहे आणि गळती दुरुस्तीचे ८० हजार प्रतिवादीला हवे आहेत. तर प्राथमिक आक्षेप व परिच्छेदवार उत्तर संपल्यावर वेगळ्या शीर्षकाखाली गळती कधी झाली, दाव्याचे कारण केव्हा घडले, मूल्यांकन, न्यायालय शुल्क आणि स्वतंत्र मागणी लिहून मगच सत्यापन करावे.

इथे कोणी न मांडलेला मुद्दा मुदतीचा आहे. मुदत अधिनियमाच्या कलम ३ नुसार वजावट, म्हणजे वादीच्या रकमेतून आपले येणे वजा करण्याची मागणी, मूळ दाव्याच्या तारखेला दाखल झाली असे मानतात, प्रतिदावा मात्र तो न्यायालयात मांडला त्या तारखेला. त्यामुळे प्रश्नपत्रिकेतल्या तारखा (त्या उगाच दिलेल्या नसतात) आधी तपासाव्यात.