मदत हवी आहे: स्मोक केलं, सॅनिटी केली, तरी सकाळी माल वापसी बंद. रिग्रेशन नक्की कधी करायचं?

इंदुरी_लिंबू

नमस्कार मंडळी. मी इंदूरला विजयनगरमधल्या एका छोट्या कंपनीत आहे. दोन वर्षं सपोर्टचे फोन घेतले, ऑगस्टपासून टेस्टिंगला बसवलंय. शिकवणारं कोणी नाही, जे कानावर पडतं त्यावर चाललंय. आमचं सॉफ्टवेअर ठोक व्यापाऱ्यांच्या बिलिंगचं आहे, बरेचसे ग्राहक सियागंजातले.

झालं असं की एका ग्राहकाच्या सीएने तक्रार केली. ३३३ रुपयांच्या मालावर अडीच टक्के सीजीएसटी त्याच्या एक्सेलमध्ये ८.३३ येतो आणि आमच्या बिलावर ८.३२. एसजीएसटीचंही तेच. डेव्हलपरने एक ओळ बदलली, गुरुवारी संध्याकाळी सातला बिल्ड हातात आला. लीड म्हणाले, "स्मोक करून घे." डेव्हलपर म्हणाला, "अगं एका ओळीचा बदल आहे, सॅनिटी बस झाली."

मी दोन्ही केलं. लॉगिन, नवं बिल, छपाई, स्टॉक कमी होणं, सगळं ठीक. मग वेगवेगळ्या रकमांची सहा बिलं बनवून पैसे मोजले, तेही बरोबर. साडेनऊला प्रॉडक्शनवर गेलं आणि मी निवांत सराफ्यात गराडू खायला गेले.

शुक्रवारी अकरापासून फोन सुरू. जुन्या बिलावरची माल वापसी होत नाही, "परताव्यातील कर मूळ बिलापेक्षा जास्त आहे" असा एरर. सोमवारी मीटिंगमध्ये प्रश्न आला, रिग्रेशन का नाही केलं? आमचं रिग्रेशन म्हणजे ३४० केसेस, त्यातल्या निम्म्या हाताने करायच्या, दोन दिवस लागतात. गुरुवारी रात्री ते करायचं होतं का? आणि या तिघांत फरक नेमका काय धरायचा? नेटवर वाचावं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

अभय_कोडवाला

सोपं आहे. स्मोक म्हणजे ऑटोमेटेड, सॅनिटी म्हणजे हाताने, रिग्रेशन म्हणजे सगळंच्या सगळं. स्मोक रोज, सॅनिटी हॉटफिक्सला, रिग्रेशन मोठ्या रिलीजला. तू तुझं काम केलंस. चूक डेव्हलपरची, त्याला युनिट टेस्ट लिहायला सांग.

---

निवृत्त_अभियंता

आमच्याकडे स्मोक टेस्ट म्हणजे ड्रेनेजच्या लाइनीत धूर सोडायचा आणि कुठल्या फटीतून बाहेर येतो ते बघायचं. पावसाचं पाणी कुठे शिरतंय तेही त्यातूनच कळतं. तुमच्या बिलिंगमध्ये धूर कुठून आला ते काही समजलं नाही. पण दोन पैशांसाठी सीए भांडला हे वाचून बरं वाटलं, असे लोक अजून आहेत.

---

तात्या_बडोदेकर

निवृत्त साहेब, नाव तुमच्याच बाजूने आलंय म्हणा. आमच्या लोकांनी ते इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडून उचललं. नवा बोर्ड पहिल्यांदा वीजेला लावायचा, धूर निघाला तर पुढची मोजमापं करत बसायचं नाही.

लिंबू, नेटवर गोंधळ दिसतो त्याला कारण आहे. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या शब्दकोशात सॅनिटी टेस्ट हा स्मोक टेस्टचाच दुसरा शब्द म्हणून दिलाय. कंपन्यांमध्ये मात्र सॅनिटी म्हणजे बदललेल्या जागेभोवतीची छोटी पण खोल तपासणी, असा वापर रूढ आहे. तेव्हा शब्दावरून वाद घालू नकोस, तुमच्या टीममध्ये कोण काय म्हणतो ते एकदा लिहून भिंतीवर लाव.

अभय, ऑटोमेटेड की हाताने, याचा यात संबंध नाही. तिन्ही दोन्ही प्रकारे होतात. फरक आहे तो आपण बिल्डला काय विचारतोय त्याचा. स्मोकला विचारतो: हा बिल्ड घेऊन बसण्यात अर्थ आहे का? म्हणून तो प्रत्येक बिल्डला सगळ्यात आधी, दहा-पंधरा मिनिटांत. नापास झाला की बिल्ड परत, बाकी काही करायचं नाही. सॅनिटीला विचारतो: जे बदललं ते, आणि त्याला खेटून असलेलं, शहाण्यासारखं वागतंय का? रिग्रेशनला विचारतो: ज्याला कोणी हात लावला नाही असं काही बिघडलं का? तुझी माल वापसी या तिसऱ्यात येते. तिला कोणी हात लावला नव्हता.

आता खरा मुद्दा. ती "एक ओळ" कोणती होती? अंदाज सांगतो, पायथन असेल तर ही:

```
>>> from decimal import Decimal, ROUND_HALF_UP
>>> Decimal("8.325").quantize(Decimal("0.01"))
Decimal('8.32')
>>> Decimal("8.325").quantize(Decimal("0.01"), rounding=ROUND_HALF_UP)
Decimal('8.33')
```

काही सांगितलं नाही तर डेसिमल बरोबर अर्ध्यावरची रक्कम सम अंकाकडे वळवतो, म्हणून ८.३२. सीएचं एक्सेल वर ढकलतं, म्हणून ८.३३. डेव्हलपरने दुसरी रीत लावली, ती योग्यच आहे. पण हे फंक्शन बिलाच्या फाइलमध्ये नसणार, कुठल्यातरी सामायिक फाइलमध्ये असणार. त्याला हे चालवायला सांग आणि किती ओळी येतात ते इथे टाक:

```
git grep -n round_tax
```

फंक्शनचं नाव तुमच्याकडे जे असेल ते घाल.

---

इंदुरी_लिंबू

तात्या, पायथनच आहे, तुम्हाला कसं कळलं! नाव `round_paise` आहे. चार फाइल्स आल्या: बिल, क्रेडिट नोट, कोटेशन आणि महिन्याचा कर अहवाल. डेव्हलपर आधी म्हणत होता की बदल फक्त बिलात आहे. यादी दाखवल्यावर गप्प बसला.

---

तात्या_बडोदेकर

आता गणित बघ. जुनं बिल जुन्या बिल्डवर बनलं, त्यात सीजीएसटी ८.३२ आणि एसजीएसटी ८.३२, मिळून १६.६४ डेटाबेसमध्ये लिहून ठेवले. शुक्रवारी तोच माल वापस आला. क्रेडिट नोटने कर नव्याने काढला, ८.३३ अधिक ८.३३, म्हणजे १६.६६. दोन पैसे जास्त. परतावा मूळ बिलापेक्षा जास्त नको, ही तुमची तपासणी इमानदारीने आडवी आली. बिघाड फक्त त्या बिलांत, जिथे कर बरोबर अर्ध्या पैशावर येतो आणि जुनी रीत खाली वळली होती. म्हणून सगळ्यांचे फोन आले नाहीत, काहींचेच आले.

आता नीट ऐक, कारण मीटिंगमध्ये हे कोणी बोललं नसणार. तू त्या रात्री ३४० च्या ३४० केसेस केल्या असत्यास तरी हे सापडलं असतं याची मला खात्री नाही. तुमच्या माल वापसीच्या केसमध्ये पहिली पायरी काय लिहिली आहे?

---

इंदुरी_लिंबू

"नवीन बिल तयार करा. त्याच बिलावर वापसी करा."

अरे देवा.

---

तात्या_बडोदेकर

तेच. नव्या बिल्डवर बनवलेल्या बिलात १६.६६, वापसीतही १६.६६, केस हिरवी. तुमच्या रिग्रेशनला जुना डेटाच माहीत नाही. व्यापारी मात्र आज माल घेतो आणि पंधरा दिवसांनी परत करतो, मध्ये तुमचं रिलीज होऊन गेलेलं असतं. गणित, कर, व्याज, असं काहीही बदललं की मागच्या रिलीजवर बनलेली बिलं घेऊनच तपासायचं. स्टेजिंगवर जुन्या डेटाची एक प्रत ठेवा, ग्राहकांची नावं आणि नंबर बदलून. माल वापसी, उधारी जमा आणि बिल दुरुस्ती, या तीन केसेस त्या प्रतीवर चालवा. पन्नास केसेस वाढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

---

सुमेधा_ग

माझं थोडं वेगळं आहे, इथेच विचारते. मी ग्वाल्हेरला एका शाळेच्या फी सॉफ्टवेअरवर काम करते. आमचा स्मोकच पाऊण तासाचा झालाय, कारण प्रत्येक मोठ्या बगनंतर साहेब म्हणतात "हे स्मोकमध्ये टाका". आता दोन केसेस कायम उगाच लाल होतात. पुन्हा चालवल्या की हिरव्या. त्यामुळे लाल दिसलं तरी कोणी बघत नाही.

---

तात्या_बडोदेकर

सुमेधाताई, तुमचा स्मोक आता स्मोक राहिला नाही, लहान आकाराचं आजारी रिग्रेशन झालंय. एक कसोटी लावा: ही केस नापास झाली तर मी हा बिल्ड परत पाठवीन का? उत्तर "नाही" असेल तर ती केस रिग्रेशनमध्ये हलवा. फी भरली आणि पावती निघाली, ही राहील. भावंडांची सवलत जाईल. आणि त्या दोन लहरी केसेस आजच बाहेर काढून वेगळ्या ठेवा, दुरुस्त झाल्याशिवाय परत घेऊ नका.

---

अभय_कोडवाला

तात्या, मान्य, पण व्यवहाराचं बोला. हॉटफिक्स म्हणजे दुकान अडलेलं असतं. तेव्हा ग्रेप करा, जुना डेटा आणा, हे कोण करणार? आमच्याकडे हॉटफिक्स चाळीस मिनिटांत जातो.

---

तात्या_बडोदेकर

दुकान अडलं असेल तर चाळीस मिनिटांत जाऊ दे, माझी ना नाही. पण लिंबूच्या बाबतीत दुकान अडलं होतं का? दोन पैशांचा फरक होता, सोमवारपर्यंत थांबला असता. हा हॉटफिक्स नव्हताच, नेहमीच्या रिलीजमध्ये जायचा बदल होता. रात्री साडेनऊला कर बदलणारी ओळ सोडायची, हे ठरवलं कोणी?

एरवी पंधरा दिवसांच्या चक्रात मी असं बसवतो. रोजच्या बिल्डला स्मोक. बग दुरुस्त होऊन आला की आधी तोच बग पुन्हा तपासायचा, मग त्याच्याभोवती सॅनिटी. कोड गोठवला की शेवटच्या उमेदवार बिल्डवर पूर्ण रिग्रेशन. त्यात बग सापडून नवा उमेदवार आला तर पूर्ण पुन्हा नाही, त्या बदलाला ज्या फाइल्स जोडलेल्या आहेत तेवढंच निवडून. आणि प्रॉडक्शनवर चढवल्यावर पुन्हा स्मोक, पण खऱ्या ग्राहकाच्या खात्यात खोटं बिल न बनवता. केसेसना खुणा लावल्या असतील तर निवडणं एका ओळीचं काम आहे:

```
pytest -m smoke
pytest -m "regression and tax"
```

ज्या केसेस हाताने करता, त्यांच्या एक्सेलमध्येही एक कॉलम वाढवून हेच करता येतं.

---

इंदुरी_लिंबू

अपडेट देते. ३४० पैकी करासंबंधी ४१ केसेस निघाल्या, त्यातल्या चार फाइल्सना जोडलेल्या २३. जुन्या डेटाच्या प्रतीवर त्या मी काल साडेतीन तासांत केल्या. माल वापसी आता मूळ बिलातला लिहिलेला कर उचलते, नव्याने काढत नाही, त्यामुळे ती पास. पण महिन्याच्या अहवालात आणखी एक सापडलं: गेल्या महिन्याचा अहवाल पुन्हा काढला की बेरीज काही पैशांनी वेगळी येते. तोही नव्याने कर काढतो.

लीड म्हणतायत, अहवाल आधीच भरून झालाय, राहू दे. डेव्हलपर म्हणतो दुरुस्त करू. मला वाटतं सीएला विचारावं.

---

अभय_कोडवाला

सीएला विचार. तो दोन पैशांवरून फोन करणारा माणूस आहे, त्याच्याकडून उत्तर नक्की येईल. आणि आमच्या हॉटफिक्समध्ये मीही आज ग्रेप करून बघितलं. कुठे किती फाइल्स आल्या ते इथे लिहीत नाही.